अंधारातल्या पाटीला उजेड पुरत नाही

रात्रीचा एखादा फोटो नेमका कुठला, हे ठरवायचं असलं की पुरावा बहुधा कडेच्या अंधारात दडलेला असतो: दुकानाची पाटी, उभ्या गाडीची नंबरप्लेट, नाहीतर खोक्यावरचं लेबल. अशा वेळी हात आधी ब्राइटनेसकडे जातो आणि वेळ तिथेच फुकट जातो. अक्षर वाचायला उजेडापेक्षा फरक लागतो. अक्षर आणि त्याच्या मागची जागा यांच्यात कॅमेऱ्याने थोडाफार फरक नोंदला असेल, तर तो वाढवता येतो. नोंदलाच नसेल, तर काळ्याचं राखाडी होतं, एवढंच.

नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक पिक्सेलची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मांडलेली असते. समजा, कोपऱ्यातल्या पाटीचा रंग १४ वर आहे आणि तिच्यावरची अक्षरं २० वर. डोळ्याला दोन्ही काळंच दिसतं. ब्राइटनेस ८० ने वाढवला, तर आकडे ९४ आणि १०० होतील. फरक सहाचा सहाच राहील. त्याऐवजी लेव्हल्स उघडून काळं टोक ८ वर आणि पांढरं टोक २६ वर आणून ठेवलं, तर मधल्या अठरा पायऱ्या पूर्ण पट्टीवर ताणल्या जातात. पाटी ८५ वर जाते, अक्षरं १७० वर, आणि इतका वेळ नसलेली पाटी समोर येते. बाकीचा फोटो पांढराफटक पडतो, पण काम प्रतीवर चाललेलं असल्यामुळे त्याचं दुःख नाही.

मात्र या ताणण्यात अक्षरांबरोबर कचराही तितकाच वाढतो. अंधारात प्रकाश कमी मिळाल्यामुळे पिक्सेलचे आकडे मुळातच दोन-तीनने खालीवर झालेले असतात. तीनची ती चूक आता बेचाळीसची होते आणि अक्षरं दाण्यांत बुडतात. म्हणून ताणण्याआधी शेजारच्या चार पिक्सेलची सरासरी घ्यावी. दाणे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ते निम्म्यावर येतात. पण अक्षराची रेघच दोन पिक्सेलची असेल, तर तीही पुसट होते. मूळ चित्रण व्हिडिओ असेल, तर यातून छान सुटका होते: एकाच दृश्याच्या सोळा फ्रेम नीट जुळवून त्यांची सरासरी काढली की दाणे पावपट उरतात आणि रेघ शाबूत राहते.

खरा घात जेपेग करतो. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार काटकसरीने मांडतो. अंधारातला सहाचा फरक त्याला सहज टाकण्याजोगा वाटतो. असा फोटो चॅटवरून दोन-तीनदा पुढे गेला की दर वेळी पुन्हा आवळला जातो, म्हणून कोणतंही साधन उचलण्याआधी मूळ फाइल मागावी. नुकसान झालं आहे का, हे ताणल्यावर कळतं: सपाट चौकोन दिसू लागतात आणि अक्षराच्या रेघा नेमक्या त्यांच्या कडांवर तुटतात. देवनागरी पाटीवर शिरोरेषा लांब आणि आडवी असल्याने सगळ्यात शेवटपर्यंत टिकते. शब्द किती आणि केवढे, हे अक्षरांआधी समजतं. अनुस्वार आणि रफार मात्र सगळ्यांत आधी जातात. त्यामुळे ‘अनुस्वार दिसत नाही’ याचा अर्थ ‘पाटीवर अनुस्वार नाही’ असा काढणं घाईचं.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ही फोटोशी छेडछाड नाही का? लेव्हल्स सगळ्या चित्राला एकच नियम लावतात. आधी जो पिक्सेल दुसऱ्यापेक्षा उजळ होता, तो नंतर त्याच्यापेक्षा काळा होत नाही. फार तर दोन्ही टोकाला जाऊन सारखे होतात. ते आकडे लिहून ठेवले की कोणीही तेच चित्र पुन्हा मिळवू शकतो. तुकड्यातुकड्याने काँट्रास्ट वाढवणारी साधनं मात्र ठिकठिकाणी वेगळा नियम लावतात, आणि जास्त शार्पनिंग रेघेच्या शेजारी नसलेली दुसरी रेघ काढून ठेवतं. ती शोधायला वापरावीत, पुरावा म्हणून दाखवायला नव्हेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: माणूस मनात असेल तेच वाचतो. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, पद्धतीत आहे. पाटी कुठली असावी याचा अंदाज न सांगता दोघांनी वेगवेगळं वाचावं आणि प्रत्येक जागेसाठी सगळे पर्याय लिहावेत. ‘एमएच’ने सुरू होणाऱ्या नेहमीच्या नंबरप्लेटवर पुढच्या दोन जागा अंकांच्याच असतात, म्हणून तिथे इंग्रजी बी की आठ असा घोळ झाला, तर बी बाद करता येतो. पण आठ की तीन, हे त्या नियमाने सुटत नाही. तिथे दोन्ही आकडे नोंदवून दोन्ही गाड्या तपासाव्या लागतात. प्लेट हेडलाइटने पांढरीधोप झाली असेल, तर हे सगळं उलट दिशेने करायचं: काळं टोक वर सरकवून २३० ते २५५ एवढाच पट्टा ताणायचा. अक्षरंही २५५ वर जाऊन बसली असतील, तर त्या फोटोतून तो नंबर मिळणार नाही.