उलटीवरील औषधाची मात्रा वजनानुसारच

जुलाब-उलट्या होणाऱ्या बालकाच्या पोटात जलसंजीवनी टिकत नसेल, तर डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉनची तोंडावाटे एकच मात्रा देतात. ८ ते १५ किलो वजनास २ मिलिग्रॅम, १५ हून अधिक ते ३० किलोपर्यंत ४ आणि त्यापुढे ८ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलास, ५ मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम औषध असलेले सिरप ५ मिलिलिटर पुरते. अर्ध्या तासाने जलसंजीवनी घोट-घोट पाजावी.

सहा महिन्यांखालील वा ८ किलोहून कमी वजनाच्या बालकास, तसेच लाँग क्यूटी हा हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष असल्यास हे औषध टाळतात. उलटी हिरवी असेल, पोट फुगले असेल किंवा डोक्यास मार लागला असेल, तर ते देऊन वाट पाहू नये. उलटी थांबली, तरी आतड्यातील अडथळा किंवा मेंदूची इजा कायम राहते. तातडीने रुग्णालय गाठावे.