फुप्फुसे निरोगी, तरीही खोकला थांबेना?

प्रौढ व्यक्तीचा खोकला आठ आठवड्यांहून अधिक काळ टिकला, की वैद्यकशास्त्र त्याला जुनाट खोकला म्हणते. अशा वेळी छातीचा एक्स-रे काढला जातो, थुंकीची तपासणी होते आणि दोन्ही अहवाल निर्दोष येतात. तरीही खोकल्याच्या बाटल्या बदलत राहतात. अशा अनेक रुग्णांत खोकल्याचे मूळ फुप्फुसांत नसून नाकात किंवा जठरात असते.

याचे कारण खोकल्याच्या यंत्रणेत आहे. खोकला ही एक प्रतिक्षिप्त क्रिया असून तिची सूचना मेंदूकडे नेण्याचे काम मुख्यतः ‘व्हेगस’ नावाचा मज्जातंतू करतो. त्याच्या शाखा श्वासनलिकेप्रमाणेच स्वरयंत्रात आणि अन्ननलिकेतही पसरलेल्या असतात. त्यामुळे यांपैकी कोठेही चेतना झाली, तरी मेंदूकडून आज्ञा एकच सुटते, ती म्हणजे खोकण्याची.

पहिले नेहमीचे कारण म्हणजे नाकामागून घशात उतरणारा स्राव. अ‍ॅलर्जी किंवा सायनसच्या दाहामुळे हा स्राव वाढतो व स्वरयंत्राला चाळवतो. पावसाळ्यात दमट भिंतींवर धरणारी बुरशी हे अशा अ‍ॅलर्जीचे एक कारण असते. वारंवार घसा खाकरावा लागणे, घशात काहीतरी ओघळल्यासारखे वाटणे, नाक चोंदणे या तिच्या खुणा होत.

दुसरे कारण आम्लाचे. जठर व अन्ननलिका यांच्यामधील झडप सैल पडली, की आम्ल वर येते. कधी त्याचे सूक्ष्म थेंब स्वरयंत्रापर्यंत पोहोचतात, तर कधी ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकालाच राहून केवळ मज्जातंतूमार्फत खोकला उत्पन्न करते. म्हणूनच काही रुग्णांना छातीत जळजळ मुळीच जाणवत नाही. शिवाय खोकताना पोटावरील दाब वाढतो आणि आम्ल आणखी वर ढकलले जाते. असे हे चक्र स्वतःच फिरत राहते.

उदाहरणादाखल, चार महिने खोकणारी एक पंचेचाळिशीची शिक्षिका डोळ्यांपुढे आणू. एक्स-रे व थुंकी निर्दोष, श्वसनक्षमतेच्या चाचणीत दमा नाही. डॉक्टर प्रथम रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करतात, कारण एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या औषधांनीही कोरडा खोकला येतो. ती असे औषध घेत नाही. मात्र सकाळी तिला सतत घसा खाकरावा लागतो. म्हणून नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा आणि उकळून कोमट केलेल्या मीठपाण्याने नाक धुणे सुरू होते. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, तर बाहेरच्या बाजूकडे ठेवायचे असते. येथे चूक झाली, तर नाकातून रक्त येऊ शकते आणि औषध योग्य जागी पोहोचत नाही.

तीन आठवड्यांनी खोकला निम्म्यावर येतो. पण तेथेच अडतो. अनेक रुग्ण याच टप्प्यावर औषध निरुपयोगी ठरवून डॉक्टर बदलतात. वस्तुतः निम्मा खोकला जाणे याचा अर्थ निदान चुकले असा नसून, दुसरे कारणही सोबत आहे असा असू शकतो. अधिक विचारपूस केल्यावर कळते, की उरलेला खोकला रात्री जेवून आडवे झाल्यावर येतो, सकाळी आवाज बसलेला असतो आणि आंबट ढेकरा येतात. तेव्हा पहिला उपचार न थांबवता दुसरा जोडला जातो. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे ठोकळे आणि न्याहारीपूर्वी अर्धा तास आम्ल कमी करणारी गोळी, असा तो उपचार असतो. नुसत्या जास्त उशा घेतल्याने पोट दुमडते. त्याने हा लाभ होत नाही.

येथे संयम लागतो. छातीतील जळजळ थोड्या दिवसांत शमली, तरी खोकला ओसरण्यास दोन ते तीन महिने लागू शकतात. या शिक्षिकेचा खोकला दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस थांबतो. मात्र जळजळ वा आंबट ढेकर अशी कोणतीच खूण नसताना केवळ या गोळ्यांनी खोकला जाण्याची शक्यता कमी असते. म्हणून त्या वर्षानुवर्षे घेत राहणे योग्य नव्हे.

अर्थात, हा सारा विचार छातीची तपासणी झाल्यानंतरचा. भारतात दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयरोगाची तपासणी आधी करावी लागते. थुंकीतून रक्त पडणे, संध्याकाळी ताप येणे, वजन घटणे, धाप लागणे किंवा धूम्रपान करणाऱ्याच्या खोकल्याचे स्वरूप बदलणे, यांपैकी काहीही आढळल्यास आठ आठवडे थांबू नये. तपासण्या निर्दोष ठरल्यावर मात्र खोकला केव्हा येतो, आडवे झाल्यावर, जेवणानंतर की सकाळी उठताच, याची आठवडाभराची नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. नवीन बाटलीपेक्षा निदानाला तिचाच उपयोग अधिक होतो.