रोख्याची किंमत १०४, मग खात्यातून १०६ का गेले?

सरकारी रोखा पहिल्यांदाच विकत घेणारा माणूस एका आकड्यापाशी हमखास थबकतो. पडद्यावर भाव दिसतो १०४ रुपये. त्याच भावाला सौदा होतो. पण खात्यातून दर शंभर रुपयांच्या रोख्यामागे जवळपास १०६ रुपये गेलेले असतात. हे वरचे दोन रुपये म्हणजे दलाली असावी, कर असावा किंवा काहीतरी छुपी आकारणी असावी, असा त्याचा समज होतो. तसे काहीच नसते. हे दोन रुपये रोखा विकणाऱ्याचे आजवरचे व्याज असते. विकत घेणारा ते त्याला आगाऊ देतो आणि पुढच्या व्याजाच्या तारखेला सरकारकडून वसूल करतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' ही योजना सुरू केली. तेव्हापासून सामान्य माणूस थेट रिझर्व्ह बँकेकडे खाते उघडून सरकारी रोखे घेऊ शकतो, आणि बँका-विमा कंपन्यांच्या व्यवहारातला हा हिशेब घरगुती गुंतवणूकदाराच्या दारातही आला आहे. तो समजून घेण्यासाठी एकच रोखा घेऊ आणि त्याचा शेवटच्या पैशापर्यंत हिशेब करू.

भारत सरकारचा ७.१८ टक्के व्याजाचा एक रोखा १४ ऑगस्ट २०३३ रोजी परत केला जाणार आहे. त्याचे व्याज, म्हणजे कूपन, दरवर्षी १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्ट अशा दोन तारखांना मिळते. एक लाख रुपये दर्शनी किमतीच्या रोख्यावर वर्षाचे व्याज ७,१८० रुपये आणि सहामाही हप्ता ३,५९० रुपये. समजा, एका बाईंनी शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी हा रोखा एका विक्रेत्याकडून १०४ रुपये भावाने घेतला. भाव उदाहरणापुरता धरला आहे. बाकीचे हिशेब प्रत्यक्षात होतात तसेच आहेत.

अडचण इथे सुरू होते. १४ फेब्रुवारीचा हप्ता देताना रिझर्व्ह बँक एवढेच बघते, की नोंदीच्या दिवशी रोखा कोणाच्या नावावर आहे. त्या सहा महिन्यांत तो किती दिवस कोणाकडे होता, याची ती चौकशी करत नाही. त्यामुळे पूर्ण ३,५९० रुपये बाईंच्या खात्यात येणार. पण १४ ऑगस्टपासून सौदा पुरा होईपर्यंत रोखा विक्रेत्याजवळ होता आणि त्या दिवसांचे व्याज न्यायाने त्याचे आहे. सरकार ही वाटणी करून देत नसल्याने ती खरेदीदार आणि विक्रेत्याने सौद्यातच करायची, अशी पद्धत आहे.

वाटणीसाठी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. मोजणी कोणत्या दिवसापर्यंत करायची आणि दिवस मोजायचे कसे? सौदा शुक्रवारी झाला असला तरी सरकारी रोख्यांत पैसे आणि रोखे यांची अदलाबदल पुढच्या कामकाजाच्या दिवशी होते. इथे तो दिवस सोमवार, २४ नोव्हेंबर. शनिवार-रविवारीही रोखा विक्रेत्याचाच होता, म्हणून त्या दोन दिवसांचे व्याजही त्यालाच. मोजणी मागच्या कूपनच्या तारखेपासून सेटलमेंटच्या आदल्या दिवसापर्यंत होते. सेटलमेंटच्या दिवसापासूनचे व्याज खरेदीदाराचे.

दिवस मोजण्याची रीतही ठरलेली आहे. आपल्याकडच्या मुदतीच्या सरकारी रोख्यांत महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. १४ ऑगस्ट ते १४ नोव्हेंबर हे तीन महिने म्हणजे ९० दिवस आणि पुढचे १० दिवस, असे एकूण १०० दिवस झाले. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले तर १०२ भरतात, कारण ऑगस्ट आणि ऑक्टोबर ३१ दिवसांचे आहेत. ते दोन दिवस या रीतीत धरत नाहीत. उलट फेब्रुवारीसुद्धा तीस दिवसांचा मानला जातो, त्यामुळे तिथे दोन दिवस जादा मिळतात. सहामाही हप्ता दर वेळी सारखाच असल्यामुळे ही रीत सोयीची पडते.

आता गुणाकार. ७,१८० रुपयांना १०० ने गुणून ३६० ने भागले की १,९९४ रुपये ४४ पैसे येतात. हे साचलेले व्याज. बाईंना द्यायची रक्कम अशी होते: १०४ भावाने रोख्याचे १,०४,००० रुपये आणि साचलेले व्याज १,९९४.४४ रुपये, मिळून १,०५,९९४.४४ रुपये. यातला १०४ हा भाव म्हणजे क्लीन प्राइस. व्याज मिळवून होणारा १०५.९९ हा भाव म्हणजे डर्टी प्राइस. भाव पहिल्याचा बोलला जातो, पैसे दुसऱ्याचे मोजले जातात.

ही देवघेव दोघांना एकमेकांची ओळख नसतानाही होते. रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या व्यवस्थेवर सौदा जुळतो आणि मुंबईतील क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया दोघांच्या मध्ये उभी राहते. सोमवारी एकीकडून रोखा आणि दुसरीकडून साचलेल्या व्याजासह पूर्ण रक्कम, अशी अदलाबदल एकाच वेळी होते. व्याजाचा वेगळा धनादेश नाही, नंतरची वसुली नाही.

बाईंचे १,९९४ रुपये परत कधी येतात? १४ फेब्रुवारी २०२६ हा दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. कूपनची तारीख सुट्टीच्या दिवशी आली की पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात आणि मधल्या दिवसांचे जादा व्याज मिळत नाही. तेव्हा सोमवार, १६ फेब्रुवारी रोजी ३,५९० रुपये जमा होतात. त्यातून विक्रेत्याला दिलेले १,९९४.४४ वजा केले की १,५९५.५६ उरतात. २४ नोव्हेंबर ते १४ फेब्रुवारी हे या रीतीने ८० दिवस होतात आणि ८० दिवसांचे व्याज नेमके तेवढेच येते. दोघांनाही आपापल्या दिवसांचे व्याज मिळाले.

मग बाजारात सरळ डर्टी प्राइसच का बोलत नाहीत? कारण तो आकडा बाजारात काहीही न घडता हलत राहतो. आपल्या रोख्यात शंभर रुपयांमागे रोज जवळपास दोन पैसे साचतात. सहा महिने भाव असा चढत जाईल आणि कूपनच्या दिवशी एकदम ३ रुपये ५९ पैशांनी खाली येईल. पाहणाऱ्याला वाटेल, रोखा कोसळला. प्रत्यक्षात फक्त व्याज वाटले गेलेले असते. साचलेले व्याज बाजूला काढले की उरलेला भाव मुख्यतः बाजारातील व्याजदरांमुळे हलतो. दर वाढले तर तो उतरतो, दर उतरले तर चढतो. निरनिराळ्या तारखांना कूपन देणारे दोन रोखे शेजारी ठेवून पाहायचे, तर क्लीन प्राइसचाच उपयोग होतो.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. बाईंनी दर्शनी किमतीपेक्षा दोन प्रकारे जास्त पैसे दिले आहेत. साचलेल्या व्याजाचे १,९९४ रुपये त्यांना तीन महिन्यांत परत मिळाले. भावातले वरचे ४,००० रुपये असे परत मिळत नाहीत. २०३३ साली सरकार एक लाखच देणार. हे ४,००० रुपये बाजारदरापेक्षा जास्त व्याज देणारा रोखा मिळवण्याचे मोल आहे आणि मुदत संपेपर्यंत ते हळूहळू विरत जाते. या दोन रकमा एकत्र करून पाहिल्या तर रोखा महाग पडला की स्वस्त, हे कळत नाही.

कूपनच्या तोंडावर रोखा घेऊन पूर्ण सहामाही व्याज पदरात पाडू, ही कल्पनाही याच हिशेबात विरघळते. याच रोख्याचे सेटलमेंट १२ फेब्रुवारीला झाले, तर साचलेले व्याज १७८ दिवसांचे, म्हणजे ३,५५०.११ रुपये भरावे लागते. हाती येतात ३,५९०. उरलेले ३९.८९ रुपये हे दोन दिवसांचे व्याज आहे.

कंपन्यांच्या रोख्यांत मात्र जास्त सावध राहावे लागते. तिथे व्याज कोणाला द्यायचे हे ठरवणारी नोंद तारीख व्याजाच्या तारखेच्या बरीच आधी असू शकते. त्या तारखेनंतर रोखा घेतला तर येणारा हप्ता विक्रेत्यालाच मिळतो आणि हिशेब उलटतो. मधल्या दिवसांचे व्याज खरेदीदाराचे असूनही ते विक्रेत्याच्या खात्यात जाणार, म्हणून तेवढी रक्कम किमतीतून वजा व्हायला हवी. शिवाय पडद्यावरचा भाव क्लीन आहे की डर्टी, हे आधी विचारून घ्यावे. ओळखण्याची खूणही आहे. काही महिन्यांचे भाव पाहा. ते संथपणे चढत जाऊन नोंद तारखेच्या सुमारास जवळपास हप्त्याएवढे खाली येत असतील, तर त्या भावात व्याज धरलेले आहे. अशा भावावर पुन्हा साचलेले व्याज मोजले तर ते दोनदा भरल्यासारखे होईल.

एक धोका या पद्धतीच्या मुळातच आहे. खरेदीदार व्याज आज रोख देतो आणि ते उद्या कंपनीकडून मिळेल या भरवशावर देतो. मध्येच कंपनीने व्याज थकवले तर विक्रेत्याला दिलेले पैसे परत येत नाहीत. सरकारी रोख्यात ही भीती नगण्य आहे, डळमळीत कंपनीच्या रोख्यात ती खरी आहे.

करापायी तर या छोट्या रकमेवर देशातल्या बँका अनेक वर्षे कोर्टात लढल्या. विकत घेताना दिलेले हे 'खंडित कालावधीचे व्याज' खर्च म्हणून वजा करता येते का, हा प्रश्न होता. विजया बँकेच्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते भांडवली खर्च ठरवले. पुढे अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँक ऑफ राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की रोखे बँकेच्या व्यापारातला माल म्हणून धरलेले असतील तर हे व्याज खर्च म्हणून वजा होते. हा निकाल बँकांच्या धंद्याचा आहे. घरगुती गुंतवणूकदाराने तो आपल्याला जसाच्या तसा लागू आहे असे धरू नये आणि विवरणपत्र भरताना हिशेबनिसाला ही रक्कम वेगळी दाखवावी.

त्यासाठी सौद्याचा कागद जपून ठेवा. त्यावर क्लीन प्राइस, साचलेले व्याज आणि सेटलमेंटची तारीख हे तीन आकडे वेगवेगळे पाहा. मागच्या कूपनपासूनचे दिवस तीसच्या महिन्याने स्वतः मोजा आणि गुणाकार करून बघा. सौद्याच्या तारखेपर्यंत मोजले तर आपल्या उदाहरणात ९७ च दिवस भरतात आणि जवळपास ६० रुपयांचा फरक पडतो. सेटलमेंटच्या तारखेने मोजूनही हिशेब जुळला नाही, तर सही करण्याआधी किंवा पैसे सोडण्याआधी विचारा. तो तुमचा हक्क आहे.