एका शोधनिबंधाच्या मागे आणि पुढे

डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या नवजात बालकांवरचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग झाल्यास घरीच इंजेक्शन दिले आणि तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या विषयावर आणखी काय वाचावे, हे ठरवायला हा एक निबंध पुरतो. त्याच्यापासून दोन वाटा निघतात.

पहिली वाट मागे जाते, संदर्भसूचीकडे. सूची वरपासून खालपर्यंत वाचू नये. प्रस्तावनेत आणि चर्चेत महत्त्वाच्या विधानाशेजारी कोणता क्रमांक दिला आहे ते पाहावे आणि तेवढेच निबंध काढावेत. असे मागे गेले की याच गटाचे १९९० मधले न्यूमोनियावरचे काम हाती लागते. गावातली माणसे न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देऊ शकतात, हे त्यात दाखवले होते. नवजात बाळांवरचा प्रयोग त्याच पायावर उभा आहे.

मागची वाट मात्र फक्त जुन्याकडे नेते. निष्कर्ष पुढे टिकला का, हे पाहायला ‘गुगल स्कॉलर’वर निबंधाच्या नावाखालच्या `Cited by` वर क्लिक करावे. त्याचा संदर्भ देणारे नंतरचे निबंध तिथे दिसतात. यादी फार लांबली तर `Search within citing articles` वर खूण करून `randomised` शोधावे. गडचिरोलीत गावे चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. तशी निवड केलेले प्रयोग या शब्दाने वेगळे काढता येतात.

बांगलादेशातल्या सिल्हेटचा २००८ चा प्रयोग त्यांपैकीच. तिथे घरभेटींच्या गटात मृत्युदर सुमारे ३४ टक्क्यांनी घटला. घानातल्या २०१३ च्या प्रयोगात घट ८ टक्केच होती आणि ती निव्वळ योगायोगानेही दिसू शकली असती. हे आकडे शेजारी ठेवले की कारणाचा शोध सुरू होतो. घानात स्वयंसेवक आजारी बाळाला दवाखान्यात पाठवत, घरी इंजेक्शन देत नसत. म्हणजे ‘घरभेट’ या एकाच नावाखाली वेगवेगळी कामे चालली होती.

मिळालेल्या प्रत्येक चांगल्या निबंधावर मागे-पुढे हीच कृती करावी. तीन-चार सूच्यांत पुन्हा पुन्हा येणारे निबंध म्हणजे विषयाचा कणा. नवी नावे येणे थांबले की थांबावे. पण एकमेकांचा संदर्भ देणाऱ्यांच्या वर्तुळातच आपण फिरत राहतो, हा या पद्धतीचा दोष. ज्याचा संदर्भ कुणी दिला नाही, तो निबंध या वाटांवर भेटत नाही. ताज्या निबंधाला संदर्भ मिळायलाही वेळ लागतो. म्हणून शेवटी विषयाचे शब्द टाकून एक स्वतंत्र शोध घ्यावा. त्यात सापडलेला चांगला निबंध आपल्या यादीत नसेल, तर तो नवा आरंभबिंदू धरावा.