आजीच्या पिशवीतल्या गोळ्या : एकीमुळे दुसरी कशी लागते?

वस्तीत घरोघरी फिरताना आम्ही म्हाताऱ्या माणसांची गोळ्यांची पिशवी उघडून बघतो. रोग दोन आणि गोळ्या पाच, असं बऱ्याचदा दिसतं. हे कसं होतं, ते बहात्तर वर्षांच्या एका आजींच्या उदाहरणावरून सांगतो.

आजींना बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन चालू होतं. गुडघे दुखतात म्हणून त्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून रोज घेत. या दुखण्याच्या गोळीने बीपी वाढतं. म्हणून ॲम्लोडिपिन ५ चं १० झालं. डोस वाढला तशी घोट्यांवर सूज आली, कारण या औषधाने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी पायात झिरपतं. दुसऱ्या डॉक्टरांना पिशवी दाखवलीच नव्हती. त्यांनी सुजेसाठी लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड दिली. पोटात जळजळ होते म्हणून पँटोप्राझोल आली. आता आजी रात्री उठल्या की चक्कर यायची.

यात मोठा धोका किडनीला होता. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी एकत्र आल्या की किडनीवर तिहेरी ताण पडतो. उलट्या-जुलाब झाले, पाणी कमी प्यायलं गेलं, तर किडनी अचानक बिघडू शकते. लघवी कमी होणं, मळमळ, सुस्ती ही त्याची लक्षणं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून घेतल्या. रक्तातलं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासलं आणि सूज हृदयाची किंवा किडनीची नाही याची खात्री केली. आधी डायक्लोफेनॅक बंद करून गरजेपुरती पॅरासिटामॉल दिली. बीपी उतरल्यावर ॲम्लोडिपिन परत ५ वर आणलं. काही आठवड्यांत सूज ओसरली, मग लघवीची गोळी थांबवली. शेवटी पँटोप्राझोल. ती सोडल्यावर थोडे दिवस जळजळ वाढू शकते, हे आजींना आधीच सांगितलं होतं. एका वेळी एकच गोळी कमी केली, म्हणजे त्रास झालाच तर तो कशामुळे हे कळतं. बीपीच्या दोन गोळ्या मात्र चालूच राहिल्या. त्या लागतातच.

म्हणून हे वाचून घरी कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. झोपेची गोळी, फिटची गोळी, स्टिरॉइड किंवा मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गोळी एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. लघवीची गोळी हृदयासाठी दिली असेल, तर ती सोडल्यावर दम लागतो.

दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. मेडिकलच्या, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेल्या, सगळ्याच. पाकिटावरच्या बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बघायला सांगा, कारण वेगळ्या कंपनीच्या नावाने एकच औषध दोनदा चालू असतं. आणि प्रत्येक गोळीबद्दल विचारा : ही कशासाठी, अजून लागते का, आणि दुसऱ्या गोळीच्या त्रासावर तर दिलेली नाही ना?