रोटी भिंतीवरून का पडते?

तंदूरात लावलेली रोटी भिंतीवरून सुटून निखाऱ्यांत पडली, की बोल बसतो तो पीठ मळणाऱ्याला. खरे तर बहुतेक वेळा पिठाची चूक नसते. चूक असते भिंतीची.

तंदूरात धग दोन ठिकाणांहून येते. एक तळातल्या निखाऱ्यांची आणि दुसरी तापलेल्या मातीच्या भिंतीची. रोटीची पाठ भिंतीवर भाजते, तोंड मात्र समोरून येणाऱ्या निखाऱ्यांच्या धगीवर. दोन्ही धगी जुळल्या की मिनिटभरात रोटी तयार. पाठ करपली आणि तोंड कच्चे राहिले, तर भिंत तापलेली आहे पण निखारे विझत आले आहेत. तोंडावर काळे डाग पडले आणि पाठ पांढरी राहिली, तर निखारे जोरात आहेत पण भिंतीत उष्णता मुरलेली नाही. भिंत फारच थंड असेल, तर पिठाचा ओलावा तिथे चटकन सुकत नाही, पकड बसत नाही आणि रोटी घसरते.

म्हणून रात्रीच्या जेवणासाठी तंदूर पेटवायची वेळ निदान दीड-दोन तास आधीची. हॉटेलातला तंदूर म्हणजे स्टीलच्या पेटीत बसवलेला मातीचा रांजण. दोहोंच्या मधल्या पोकळीत उष्णता बाहेर जाऊ न देणारा भराव असतो. ही जाड माती घाईने तापवली तर तडकते. मध्यम तंदूरात चार-पाच किलो कोळसा तळाशी रचून पेटवतात. खालचे दार पूर्ण उघडे, वरचे तोंडही उघडे. पहिल्या टप्प्यात धुराने भिंत आतून काळीकुट्ट होते. मग हळूहळू ती काजळी जळून जाते आणि भिंत पुन्हा मातकट पांढरी दिसू लागते. हाच तंदूरवाल्याचा थर्मामीटर. काजळी जळते आहे म्हणजे भिंत साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसच्या घरात पोचली. त्यानंतर झाकण अर्धे ओढून घेतले, की उष्णता मातीत मुरत जाते. मधेच कुठे काळा पट्टा राहिला असेल, तर तिथे रोटी लावायची नाही.

कोळसा लाकडाचाच हवा, बाभळीसारख्या कठीण लाकडाचा असेल तर उत्तम. दगडी कोळशाच्या धुरात गंधक असते, तो इथे चालत नाही. पावसाळ्यात पोती जमिनीवर ठेवली की कोळसा ओल धरतो. असा कोळसा तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि भिंत तापवण्याऐवजी स्वतःतले पाणी उडवण्यात निम्मा जीव घालवतो. फळीवर ठेवलेली पोती हा साधा उपाय, पण जागेच्या टंचाईत तोच आधी विसरला जातो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे वरचा धूर ओढणारा पंखा बंद असताना तंदूर पेटवणे हा निष्काळजीपणा म्हणायचा.

मुंबईत आता इंधनाचा प्रश्न कायद्याचाही झाला आहे. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले आणि पाठोपाठ महापालिकेच्या नोटिसा कोळशाचे तंदूर चालवणाऱ्या हॉटेलांपर्यंत पोचल्या. गॅसवर तंदूरी चव येत नाही, ही तक्रार मला पूर्ण पटत नाही. चरबी आणि मसाला ठिबकून तापलेल्या पृष्ठभागावर जळतो, त्या धुरातूनच या चवीचा मोठा भाग येतो आणि तो गॅसच्या तंदूरातही, बर्नरवरच्या तापलेल्या पत्र्यावर, तयार होतो. थोडा फरक राहतो, हे मात्र खरे.

धग कमी-जास्त करायची तर हाताशी दोनच गोष्टी असतात. खालचे दार आणि वरचे झाकण. दार उघडले की हवा शिरते, निखारे फुलतात. दार लावले की मंदावतात. पण निखारा मिनिटांत प्रतिसाद देतो, भिंत मात्र पाऊण तासाने. आठ वाजता गर्दी होणार असेल, तर सव्वासातलाच कोळसा घालायला हवा. एका रोटीतून दहा-पंधरा ग्रॅम पाणी वाफ होऊन जाते. शंभर रोट्या लागल्या म्हणजे लिटर-दीड लिटर पाणी त्या भिंतीने उकळून टाकले. साडेआठला अचानक रोट्या पडू लागतात त्या यामुळे. तेव्हा कोळसा ओतून भागत नाही, कारण नव्या कोळशाचा धूर भिंत काळी करतो. पाच-सात मिनिटे झाकण ठेवून भिंतीला सावरू द्यावे लागते. उलट भिंत जास्त तापली असेल, तर मिठाच्या पाण्याचा हलका शिपका मारतात. त्याने पृष्ठभाग किंचित निवतो, काजळीही सुटते. शिपकाच मारायचा. तांब्याभर पाणी ओतले तर माती तडकलीच समजा.

आता याच तंदूरात तंदूरी चिकनच्या सळया सोडा. दही-मसाला ठिबकतो, निखारे भडकतात, काजळी उठते आणि रोटीची भिंत बिघडते. ज्या हॉटेलांना परवडते ती रोटीचा तंदूर वेगळा आणि कबाबांचा वेगळा ठेवतात, ते याच कारणाने. कबाबांचा तंदूर थोडा मंदही लागतो. तुकडे सळईवर एकमेकांना खेटवून ओवू नयेत, मधे बोटभर जागा हवी, नाहीतर मधला भाग कच्चा राहतो. खाली धग जास्त, म्हणून तंगडी खालच्या बाजूला आणि छातीचा तुकडा वर. सळईचे खालचे वीतभर टोक मोकळे सोडतात आणि तुकडे घसरू नयेत म्हणून शेवटी कच्च्या बटाट्याची जाड चकती खोचतात. चौकोनी सळईवर तुकडा फिरत नाही, गोल सळईवर फिरतो.

चिकन आठ-दहा मिनिटे भाजून बाहेर काढतात, सळई टांगून पाच-सात मिनिटे पाणी निथळू देतात, तेला-तुपाचा हात फिरवतात आणि पुन्हा तीन-चार मिनिटे आत सोडतात. तापलेली सळई स्वतःच आतून मांस शिजवत असते, त्यामुळे टांगलेल्या वेळातही काम चालूच असते. आतला भाग 74 अंशांवर जायला हवा. काही ठिकाणी दुपारी अर्धे भाजून ठेवलेले चिकन रात्री ऑर्डर आल्यावर पुरे करतात. अर्धकच्चे मांस तासन्‌तास बाहेर पडून राहिले, तर जंतूंना ती पर्वणीच. कच्च्या चिकनला लावलेला मसाला उरला म्हणून तो भाजलेल्या तुकड्यांवर लावणे हाही त्याच जातीचा धोका. सळई उचलताना कापड जाड आणि कोरडे हवे. ओल्या कापडातून वाफ हाताला लागते आणि तो चटका सळईच्या चटक्याहून वाईट.

रात्री काम संपले की तंदूरावर पाणी टाकायचे नाही. वरचे झाकण आणि खालचे दार लावले की हवेअभावी निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा सकाळी उपयोगी पडतो. सफाई सकाळी, पूर्ण थंड झाल्यावर. खालच्या दारातून राख ओढून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरतात, कारण राखेत दडलेला निखारा प्लास्टिकची बादली वितळवतो. ही राख रोज काढली नाही तर हवेची वाट बुजते आणि कितीही कोळसा घाला, धग चढत नाही. भिंतीवर चिकटलेले रोटीचे तुकडे लोखंडी उलथण्याने हलकेच सोडवतात आणि मग कोरड्या गोणपाटाने भिंत पुसतात. साबण वर्ज्य. माती तो शोषून घेते आणि पुढच्या रोटीला परत देते. केसासारख्या बारीक भेगा चालतात, पण भेगेत नख जाऊ लागले की ती मातीने बुजवावी लागते. सळया मात्र तारेच्या ब्रशने घासून, गरम साबणपाण्यात धुऊन, कोरड्या करूनच टांगायच्या. वरच्या धुराड्याच्या जाळ्यांवर चरबीचा थर साचतो आणि खालून ठिणग्या उडत असतात, तेव्हा त्या जाळ्याही याच सफाईत उतरवून धुवाव्या लागतात.