मित्राच्या हळदीत माईक हातात आला तर

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे मंगलाष्टकांआधीचा माईक बहुतेक पुढाऱ्यांच्या आशीर्वादाच्या भाषणांना जातो. मित्राला बोलायला मिळतं ते हळदीच्या रात्री.

ओतूरकडच्या एका पोराने विचारलं, "जिवलग मित्राचं लग्न आहे, दोन मिनिटं काय बोलू?" नुसत्या 'जिवलग'वर भाषण उभं राहत नाही. म्हणून विचारलं, "तुझ्या अडचणीत तो कधी धावून आला?"

तो म्हणाला, "नारायणगाव मार्केटला टोमॅटो नेताना माझी पिकअप बंद पडली. हा रात्री स्वतःची गाडी घेऊन आला, सगळे क्रेट उचलून ठेवले आणि पहाटे परत कांद्याला पाणी द्यायला गेला."

बस, हाच किस्सा! पहिल्याच वाक्यात पिकअप बंद पडू दे. "असा मित्र मिळायला भाग्य लागतं" हे म्हणूच नको, ते क्रेट सांगतात. शेवटी एवढंच: "वहिनी, रात्री-अपरात्री फोन वाजला तर तो माझा असेल, त्याला पाठवा."

समोर आजी, मामा आणि नवरीकडची मंडळी असतात, तेव्हा जुनी प्रेमप्रकरणं, दारू, उसनवारी नको. किस्सा आधी घरात आईला सांगून बघा. मध्येच "म्हणजे काय?" विचारलं, तर तो फक्त आपल्या ग्रुपचा आहे, दुसरा शोधा.